कर्ज फिटलं, तरी पगारातून हप्ता जातोच आहे? तुमचे अनुभव सांगा

गुहागरचा मास्तर: आधी माझंच सांगतो. पगारदार पतसंस्थेचं कर्ज होतं. हप्ता 5,000 आणि वर्गणी 1,000, अशी कपात 6,000. मे महिन्यात आंब्याचे पैसे हातात आले, तेव्हा उरलेले 40,000 रोख भरून मोकळा झालो. जून आणि जुलैच्या पगारातून पुन्हा 6,000! पावती जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला. क्लार्क म्हणतो, "गुरुजी, पावती तुमची, पण यादी त्यांची. यादीत आकडा आहे तोवर मी कापणार."

चिपळूणकर: संमतीपत्र तुम्हीच दिलेलं ना? मग तुम्हीच मागे घ्या. लेखी दिलं की कपात बंद करावीच लागते.

देवगडचे आजोबा: तसं नाही हो. मी पगारबिलं करतच निवृत्त झालो. सहकार कायद्याचं कलम 49 आहे. तुम्ही करारनामा लिहून दिलात आणि संस्थेने लेखी मागणी केली, की 'पूर्ण फिटलं' असं संस्था कळवेपर्यंत कापणं कार्यालयावर बंधनकारक. तुमच्या अर्जाने क्लार्कचा हात थांबत नाही.

मास्तर, संस्थेत जाऊन कर्जखात्याचा उतारा घ्या, बाकी शून्य दिसली पाहिजे. मग कपात बंद करण्याचं पत्र मुख्याध्यापकांच्या नावे मागा. त्यात 'कर्जहप्ता बंद, वर्गणी 1,000 चालू' असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'कपात बंद' लिहिलं तर वर्गणीही थांबते, आणि ती थकबाकी पुढे तुमच्याच नावावर चढते. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक घ्या. बिल तयार होण्याआधी पत्र पोचलं नाही, तर आणखी एक महिना गेला समजा. जास्तीचे 10,000 शाळेकडे मागू नका, ते संस्थेकडे गेलेत.

अलिबागची: आमच्या ह्यांचं सरकारी घरबांधणी अग्रिम. मुद्दल संपलं तरी कपात सुरूच, म्हणून भांडून आले! त्यात आधी मुद्दल फेडून घेतात, मग व्याजाचे हप्ते सुरू होतात. भांडण वाया गेलं.

मालवणी: माझां वेगळांच. कर्ज मित्राचां, जामीन मी, नि पगार माझो कापतत. ह्येका काय करूचा?

देवगडचे आजोबा: तुझं कर्ज फिटलेलंच नाही रे बाबा, हा धागा तुझा नव्हे.

गुहागरचा मास्तर: पत्र नेऊन दिलं. ऑगस्टच्या पगारपत्रकात पतसंस्थेपुढे फक्त 1,000 दिसले. 10,000 मात्र सचिवांनी मला न विचारता माझ्या वर्गणीत जमा करून टाकलेत. म्हणाले, "पैसे तुमचेच आहेत की, व्याज मिळेल." गणपतीला हातात हवे होते ते. परतीचा अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

चिपळूणकर: वर्गणीतून काढायला राजीनामा द्यायला लावतील बघा.

देवगडचे आजोबा: चुकीची जमा उलट फिरवता येते. पण आमच्याकडे एका संस्थेने वार्षिक सभेपर्यंत ताणलं होतं.