मदत हवी आहे: दादाच्या रिसेप्शनला वहिनीच्या स्वागतासाठी दोन मिनिटांचा टोस्ट

कुंदकळी

डिसेंबरात दादाचं लग्न आहे. लग्न सकाळी, आणि संध्याकाळी साडेसातला पुण्यातच हॉलमध्ये रिसेप्शन. साधारण दीडशे माणसं. वहिनी नागपूरची, तिच्या ऑफिसचे बरेच लोक येणार आहेत आणि त्यांच्यात टोस्टची पद्धत आहे. दादा म्हणाला, "आपल्याकडून तू बोल, दोन मिनिटं, वहिनीचं स्वागत कर." आमच्या घरात असं आधी कुणी केलेलं नाही. दारू नाही, आजी-आजोबांची पिढी समोर बसलेली असेल.

मी लिहिलंय त्यातला काही भाग देते:

"आज आमच्या घरात लक्ष्मीच्या पावलांनी वहिनी आली आहे. ती सुंदर आहे, सुशिक्षित आहे, मनमिळाऊ आहे. मला आजवर बहीण नव्हती, ती आज मिळाली. वहिनी, आता तू आमच्या घरची झालीस. आमच्या या विसरभोळ्या दादाला सांभाळण्याची जबाबदारी आता तुझी."

पूर्ण मजकूर चारशे शब्दांच्या आसपास आहे. पुरेल का? आणि ग्लासात काय द्यायचं?

अण्णा_सदाशिव

अभिनंदन! करवलीच्या तोंडून मंगलाष्टक ऐकायला फार छान वाटतं. शार्दूलविक्रीडितात बसवा. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती, गण म स ज स त त आणि शेवटी गुरू. वर-वधूची नावं यतीच्या अलीकडे बसवा, म्हणजे म्हणताना नाव मध्येच तुटत नाही. चाल ओळखीची असली की शेवटच्या 'कुर्यात् सदा मंगलम्' ला सगळा मांडव साथ देतो.

कुंदकळी

अण्णा, धन्यवाद. मंगलाष्टकं सकाळी मावशी म्हणणार आहेत. मला संध्याकाळी माइकवर साध्या गद्यात बोलायचं आहे. नावाबद्दलची सूचना मावशींना सांगते.

रोहन_ठाणे

चारशे शब्द चालतील. मिनिटाला दीडशे शब्द धरतात, म्हणजे पावणेतीन मिनिटं. थोडं भरभर बोललीस की झालं. आणि कागद घेऊ नकोस, सगळं पाठ कर. वाचून दाखवलं की मनापासून वाटत नाही.

निवेदिता_सू

रोहन, दीडशेचा हिशोब इंग्रजी भाषणांचा आहे. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतात. हॉलमध्ये माइकवर, मधे थांबत बोलायचं तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द धरावेत. त्या वेगाने चारशे शब्दांना चार मिनिटं लागतात. भरभर बोलून वेळ वाचत नाही, कारण मोठ्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि मागच्या टेबलांवर शब्द एकमेकांवर चढतात.

पाठांतराचं अर्धं बरोबर आहे. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ हवं, कारण ती लोकांकडे बघून बोलायची असतात. बाकीचं पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर मोठ्या अक्षरात, दोन ओळींमध्ये जागा सोडून लिहा. फोनवरून वाचू नका. स्क्रीन मध्येच काळी होते, आणि स्टेजवर फोन बघणारा माणूस लांबून मेसेज वाचत असल्यासारखा दिसतो.

आता मजकूर. कुंदकळी, भावना खरी आहे, पण यातलं एकही वाक्य फक्त याच वहिनीचं नाही. 'सुंदर, सुशिक्षित, मनमिळाऊ' कुणाच्याही लग्नात चालेल. 'आता तू आमच्या घरची झालीस' हे समोर बसलेले तिचे आईवडील ऐकत असतात. सकाळी पाठवणी झालेली असते, डोळे अजून कोरडे झालेले नसतात आणि संध्याकाळी माइकवरून तेच पुन्हा कानावर पडतं. ते वाक्य काढाच. 'दादाला सांभाळ' हेही नको. स्वागताच्या क्षणी तिच्या हातात काम दिल्यासारखं होतं, आणि शेवटचं वाक्य दादाबद्दलचं होऊन बसतं. हा टोस्ट वहिनीचा आहे.

मला एवढंच सांगा. गेल्या काही महिन्यांत तुम्ही स्वतः पाहिलेलं, वहिनीने केलेलं एखादं छोटं काम कोणतं? गुण सांगू नका, काय केलं ते सांगा.

कुंदकळी

साखरपुड्याला आमच्या घरी तीसेक माणसं होती, खूप गलका होता. आजीला डाव्या कानाने ऐकू येत नाही. वहिनीला हे कुणी सांगितलं नव्हतं. आजी सारखी मान वळवतेय हे तिने पाहिलं, स्वतःची खुर्ची उचलून आजीच्या उजव्या हाताला ठेवली आणि बराच वेळ तिथेच बसली. आजी खूप बोलली त्या दिवशी.

निवेदिता_सू

हाच तुमचा टोस्ट. बाकीच्या चारशे शब्दांची गरज नाही. तुमच्याच शब्दांत जुळवून देते, तुमच्या जिभेला बसेल असं बदला:

"नमस्कार. मी नवऱ्यामुलाची धाकटी बहीण. साखरपुड्याच्या दिवशी आमच्या घरात तीस माणसं एकदम बोलत होती. आजीला एका कानाने ऐकू येत नाही, हे वहिनीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने आजीला मान वळवताना पाहिलं, स्वतःची खुर्ची उचलली आणि आजीच्या उजव्या हाताला नेऊन ठेवली. त्या दिवशी आजी पोटभर बोलली. दादा, तू कुणाला निवडलंस ते आम्हाला तेव्हा कळलं. काका, काकू, माणसाकडे असं बघायला तिला तुम्ही शिकवलंत, तुमचे मनापासून आभार. वहिनी, पुण्यात कधीही, कशासाठीही हक्काने हाक मारावीशी वाटली तर मला मार. आता सगळ्यांनी ग्लास हातात घेऊन उभं राहूया. वहिनी आणि दादा यांच्या सुखासाठी!"

नव्वदच्या आत शब्द आहेत. थांबे धरून सव्वा मिनिट, लोक उभे राहण्यात अर्धं मिनिट. दोन मिनिटं झाली. काका-काकूंच्या वाक्याला त्यांच्याकडे बघा आणि ते संपल्यावर दोन श्वास थांबा. तिथे टाळ्या येतील, त्यांवरून पुढे बोलू नका.

'वहिनी' ऐवजी नाव घेणार असाल तर एक तपासून घ्या. तुमच्याकडे लग्नात नाव बदलतात का? ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिणार असतील, तर रिसेप्शनला कुठलं नाव घ्यायचं हे वहिनीलाच विचारा.

फ्रान्सिस_वसई

आमच्याकडे चर्चमधल्या लग्नानंतर रिसेप्शनला टोस्ट हा ठरलेला भाग असतो, म्हणून तेवढंच सांगतो. बोलणाऱ्यापेक्षा ग्लासामुळे जास्त टोस्ट फसतात. "ग्लास घ्या" म्हटल्यावर अर्ध्या लोकांच्या हातात काहीच नसतं, मग वाढपी धावतात आणि शेवटचं वाक्य हवेत विरतं. बोलायला सुरुवात करण्याच्या पाच मिनिटं आधी प्रत्येक टेबलावर ग्लास भरून हवेत. केटररला हे कागदावर लिहून द्या.

ज्यांच्यासाठी टोस्ट आहे त्यांनी त्या वेळी प्यायचं नसतं, बसून स्वीकारायचं असतं. हे नवरानवरीला आधी सांगा, नाहीतर तेही उठून उभे राहतात.

आणि शेवटी सगळ्यांनी एकदम म्हणायला दोन-तीन शब्द लागतात. 'यांच्या सुखासाठी' वर लोकांना काय म्हणायचं ते कळणार नाही.

मृणाल_कोथरूड

ते 'नांदा सौख्यभरे' असू दे. सगळ्यांना येतं, तोंडात बसलेलं आहे.

अण्णा_सदाशिव

'नांदा सौख्यभरे' हा वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद आहे. धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला तो द्यायचा नसतो.

निवेदिता_सू

अण्णांचं म्हणणं बरोबर आहे आणि त्यातूनच वाट निघते. कुंदकळीने शेवटी म्हणावं, "आजी, तू सांग." दुसरा माइक आजीच्या हातात. आजी म्हणेल 'नांदा सौख्यभरे', आणि मग सगळा हॉल. मात्र आजीच्या ऐकण्याबद्दल चारचौघांत बोललेलं तिला चालेल का, हे तिला आधी विचारा. नको म्हणाली तर 'एका कानाने' हे वाक्य काढून 'गलक्यात आजीला नीट ऐकू येत नव्हतं' एवढंच ठेवा.

रोहन_ठाणे

मग कोकम सरबत द्या ग्लासात, रंग वाइनसारखा दिसतो.

मृणाल_कोथरूड

कोकम नको. दीडशे माणसं एकदम उभी राहणार, धक्के लागणार आणि शालू-पैठण्यांवर लाल डाग पडणार. सोलकढीचंही तेच, शिवाय ठेवली की वर जाड थर आणि खाली पाणी होतं. डिसेंबरात ताज्या कैरीचं पन्हं मिळणार नाही. आलं-लिंबू सरबत गाळून द्या, त्याचा रंग दिसत नाही. छोटा ग्लास, प्रत्येकी पाऊण डेसिलिटर. दीडशे जणांचे सव्वाअकरा लिटर होतात, तेरा सांगा. बर्फ ग्लासात नको, पाच मिनिटांत पाणी होतं. सरबतच थंड करून आणायला सांगा.

स्वाती_एनजे

मध्येच विचारते. माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे, त्याची बायको माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मी 'वहिनी' कशी म्हणू? आणि अर्धे पाहुणे अमराठी आहेत.

निवेदिता_सू

धाकट्या भावाची बायको नावानेच, 'अगं' म्हणूनच. अमराठी पाहुण्यांसाठी सगळं दोनदा सांगू नका, वेळ दुप्पट होतो. प्रसंग इंग्रजीत सांगा, नवरीशी थेट बोललेली दोन वाक्यं मराठीत राहू द्या. चेहऱ्यांवरून ती सगळ्यांना कळतात.

कुंदकळी

माझी अडचण उलटी आहे. दादा मोठा, म्हणून ती वहिनी. पण ती माझ्यापेक्षा वर्षाने लहान आहे. घरात मी 'अगं वहिनी' म्हणते, आईला माइकवर 'अहो' हवंय.

अण्णा_सदाशिव

आईचं ऐका. मान नात्याचा असतो, वयाचा नाही.

मृणाल_कोथरूड

मला पटत नाही. 'मला हाक मार' मधला जिव्हाळा 'मला हाक मारा' मध्ये उरत नाही.

निवेदिता_सू

हे वहिनीलाच विचारावं असं मला वाटतं, पण आईला दुखवूनही नको. तुमचं तुम्ही ठरवा.

वेळेचं राहिलं. स्टेजवर भेटायला रांग लागली की कुणी ऐकत नाही, आणि बुफे उघडला की अजिबातच नाही. जोडी आत येऊन बसली की लगेच, रांग सुरू होण्याआधी बोला. सात वाजता हॉलवर जाऊन माइक एकदा बोलून बघा. तो हनुवटीच्या खाली, चार बोटांवर धरा आणि स्पीकरच्या पुढे उभ्या राहू नका, शिट्टी वाजते. आजीच्या हातातला माइक साउंडवाल्याने आधीच चालू करून ठेवायला हवा, तिला बटण शोधायला लावू नका.

कुंदकळी

आजीला विचारलं. म्हणाली, "सांग की, ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहितीच आहे." माइकचं मात्र तिला दोनदा समजावून सांगावं लागलं. 'अहो' की 'अगं' अजून ठरलेलं नाही. दादाला सांगितलंय वहिनीकडून काढून घ्यायला.