खोट्या रिव्ह्यूवर खोटा रिव्ह्यू हा उपाय नव्हे

तेजश्री, नाशिक (मूळ पोस्ट): अमेझॉनवर आमच्या व्हिटॅमिन सी सीरमला शनिवार-रविवारात पाच एक-तारा रिव्ह्यू पडले. ४० रिव्ह्यूंवर ४.४ होतं, ते घसरून ४ झालं. स्पर्धकाचंच काम आहे. तक्रार केली, उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. आता मैत्रिणी आणि नातेवाइकांना ऑर्डर करायला लावून पाच तारे टाकून घेतेय, पैसे नंतर परत देईन. सगळेच करतात. लहान ब्रँडने दुसरं करावं तरी काय?

गंधाली: 'सगळेच करतात' वाचून राहवलं नाही. मी छोट्या कॉस्मेटिक ब्रँडची मार्केटप्लेसवरची खाती सांभाळते आणि या वाटेने गेलेल्यांची लिस्टिंग बंद पडलेली पाहिली आहेत. एकाच पत्त्यावरून, एकाच वायफायवरून, तुमच्याशी आधी व्यवहार झालेल्या माणसांकडून आलेले रिव्ह्यू जोडून काढणं त्यांच्या यंत्रणेला जड नाही. मग खोट्यांबरोबर खरेही उडतात. शिवाय विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू टाकायचे नाहीत, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत स्पष्ट लिहिलंय. मावशीचं नाव पुढे केलं आणि पैसे तुम्ही दिले, तरी रिव्ह्यू तुमचाच.

तुमचे पाचही रिव्ह्यू मी आत्ता वाचले. ते एका जातीचे नाहीत आणि तुमची तक्रार तिथेच फसली.

एकात बाटली फुटून आली, डबा चिकट झाला, एवढंच आहे. ही डिलिव्हरीची तक्रार. अमेझॉनच्या नियमांप्रमाणे पॅकिंग आणि डिलिव्हरीबद्दल उत्पादनाच्या रिव्ह्यूत लिहायचं नसतं, ते विक्रेत्याच्या फीडबॅकमध्ये जातं. त्या रिव्ह्यूखालच्या Report वर जाऊन नेमकं तेवढंच लिहा.

दोन मला खोटे वाटतात. दोन्हींत 'पंप बिघडला' आणि 'रेटिनॉलने चेहरा जळाला' आहे. तुमची बाटली ड्रॉपरची, आणि घटकांच्या यादीत रेटिनॉल नाहीच. दोन्ही प्रोफाइल उघडा, दोघांनी एकाच दुसऱ्या सीरमला त्याच आठवड्यात पाच तारे दिलेत. पण तक्रारीत 'स्पर्धकाने टाकलाय' असं लिहू नका, ते तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. 'रिव्ह्यूत पंप म्हटलंय, लिस्टिंगच्या फोटोत ड्रॉपर आहे' हे तपासणाऱ्याला अर्ध्या मिनिटात पडताळता येतं. प्रत्येक रिव्ह्यूची तक्रार वेगळी, आणि आधी तारखेसह स्क्रीनशॉट.

उरलेले दोन म्हणतात, 'रंग चहासारखा, डुप्लिकेट माल.' हे दोघं खोटं बोलताहेत असं मला वाटत नाही. तुमच्या लिस्टिंगवर तुमच्याशिवाय आणखी एक विक्रेता दिसतोय, त्याची किंमत तुमच्यापेक्षा कमी आहे. त्याच्याकडून एक बाटली मागवा आणि बॅच नंबर बघा. त्याने जुना माल खपवला, तरी तारा तुमच्या पानावर पडतो.

तेजश्री: ताई, उपदेश सोपा असतो. पगार माझा अडकलाय, तुमचा नाही. आणि ग्राहकाला सीरममधलं काय कळतं? व्हिटॅमिन सी पिवळं पडतंच.

डोंबिवलीचा ग्राहक: 'ग्राहकाला काय कळतं' यावरच बोलायला आलो. बायकोसाठी सनस्क्रीन मागवली, सील उघडलेली आली. एक तारा दिला. चौथ्या दिवशी विक्रेत्याचा थेट मोबाइलवर फोन! नंबर बहुतेक पार्सलच्या लेबलवरून घेतला असणार. आधी गोड बोलला, मग म्हणाला, ३०० रुपये पाठवतो, रिव्ह्यू काढा. नाही म्हटल्यावर रात्री दहाला परत फोन. तुम्ही लोक रडता की रिव्ह्यू खोटे, पण खरे रिव्ह्यू गायब कोण करतं? आता मी फक्त एक आणि दोन तारेवालेच वाचतो.

तेजश्री: मी कुणाला फोन केलेला नाही. दुसऱ्याचा राग माझ्यावर काढू नका.

गंधाली: दादा, पैसे देऊन रिव्ह्यू काढून घेणं हेही नियमाबाहेरच आहे. फोनचा कॉल लॉग आणि मेसेज जपून ठेवा आणि मार्केटप्लेसच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात द्यावं लागतं. नाहीच झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.

सुहास: मग तेजश्रीताईंनीही त्याच अधिकाऱ्याला लिहावं की. ४८ तास!

गंधाली: ती सोय ग्राहकासाठी आहे. विक्रेत्याला सेलर सपोर्टचाच दरवाजा. हे अन्यायाचं आहे, मान्य.

सुहास: अजून एक सोपी युक्ती सांगतो. 'व्हेरिफाइड खरेदी' लिहिलेलं नसेल तर रिव्ह्यू खोटा समजायचा. संपला विषय.

गंधाली: आंधळेपणाने नको. टेलिग्रामवर 'आधी विकत घ्या, पाच तारे टाका, मग पूर्ण पैसे परत' असे ग्रुप चालतात. तिथला प्रत्येक रिव्ह्यू व्हेरिफाइडच असतो, कारण खरेदी खरोखर झालेली असते. आणि बहिणीने भेट दिलेल्या सीरमबद्दल लिहिणारी बाई खरी असूनही तिला तो शिक्का मिळत नाही. शिक्का नसेल तर जरा जास्त बारकाईने बघा, एवढाच त्याचा अर्थ.

नवी सदस्य: मला पण व्हिटॅमिन सीने गालावर बारीक पुरळ आलं. कुणी चांगलं सीरम सुचवेल का? बजेट ५०० पर्यंत.

वसईचे केमिस्ट काका: आधी सीरम थांबवा, पुरळ राहिलं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. इथे ब्रँड विचारू नका.

आता तेजश्रीबाई, तुमच्या 'पिवळं पडतंच'बद्दल. तुमच्या लेबलवर एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आहे, तेही पाण्यातलं. हवा, उजेड आणि उष्णता लागली की त्याचं ऑक्सिडेशन होतं, आधी फिकट पिवळं, मग नारिंगी, मग तपकिरी. फिकट पिवळ्यावर मी हरकत घेणार नाही. पण सील फोडल्या दिवशीच चहाचा रंग असेल तर ते सीरम संपलेलं आहे, आणि ग्राहकाने एक तारा दिला तो बरोबर दिला. माल अमेझॉनच्या गोदामात कधी पाठवला होता?

तेजश्री: फेब्रुवारीच्या शेवटी. भिवंडीला.

वसईचे केमिस्ट काका: म्हणजे मार्च, एप्रिल आणि अर्धा मे तो माल भिवंडीत पडून होता. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभं राहून बघा एकदा. तुमच्याकडे त्या बॅचचा कंट्रोल सॅम्पल ठेवलाय का?

तेजश्री: ठेवलाय. कपाटात आहे. रंग चांगला आहे.

वसईचे केमिस्ट काका: तुमच्या कपाटात चांगलाच असणार! आता गोदामातली एक बाटली परत मागवा आणि पांढऱ्या कागदावर दोन्हींचे थेंब शेजारी शेजारी टाका. फरक दिसला तर दोष साठवणुकीचा. बॅच तयार करतानाच दोन बाटल्या बाजूला काढायच्या, एक थंड जागी आणि एक ४० अंशांवर, आणि दर पंधरवड्याला ताडून बघायच्या. ४० अंशांची किती आठवड्यांत काळवंडते ते कळलं की उन्हाळ्यात एका वेळी किती माल पाठवायचा ते कळेल.

सुहास: काका, मग सगळे ब्रँड फ्रिजमध्येच विकायचे का? मी वापरतो ते दुसऱ्या कंपनीचं सीरम वर्षभर पाण्यासारखं पांढरं असतं.

वसईचे केमिस्ट काका: त्याची घटकांची यादी वाचा. इथाइल अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड किंवा तसलंच काही असेल. ते जास्त टिकतं.

डोंबिवलीचा ग्राहक: म्हणजे गोदामाची गरमी ग्राहकाने सोसायची! मग बाटलीवर लिहा ना, उन्हाळ्यात घेऊ नका म्हणून.

तेजश्री: गोदाम माझं नाही हो! त्यांच्या गोदामातून गेला नाही तर आमचा माल शोधात वर दिसतच नाही. मी एसी लावून देऊ का त्यांना?

वसईचे केमिस्ट काका: आवाज चढवून ऑक्सिडेशन थांबत नाही. मार्च ते जून थोडा थोडा माल पाठवा, अंबर काचेची बाटली वापरा, आणि 'फिकट पिवळा चालेल, गडद झाला तर वापरू नका' असं मराठीत आणि हिंदीत डब्यावरच छापा.

अ‍ॅड. पाटील: एवढी चर्चा कशाला? रिव्ह्यूवाल्यांना अब्रुनुकसानीची नोटीस पाठवा. एकाला गेली की बाकीचे गप्प बसतील.

गंधाली: पाटीलसाहेब, पॅराशूट तेलाचं प्रकरण आठवा. एका यूट्यूबरच्या व्हिडिओवरून मॅरिको मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओ काढायचा आदेश झाला आणि पुढच्याच महिन्यात खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. ज्यांनी तो व्हिडिओ बघितलाही नसता त्यांच्यापर्यंत तो पोचला. तेजश्रीकडे मॅरिकोइतके वकील नाहीत. आणि चहाच्या रंगाचं सीरम मिळालेल्या बाईला नोटीस पाठवणं मला तरी लाजिरवाणं वाटतं.

अ‍ॅड. पाटील: रंगवाल्यांना पाठवा असं मी म्हटलं नाही. पंपवाल्या दोघांना म्हणतोय. बाकी तुमची मर्जी.

तेजश्री: काल संध्याकाळी पंपवाल्या दोन्हींची तक्रार ड्रॉपरच्या फोटोचा उल्लेख करून परत टाकली. आज त्यातला एक गेला, दुसरा आहे तिथेच. आणि त्या स्वस्तवाल्याकडून बाटली मागवली होती, ती आली. बॅच गेल्या वर्षीची निघाली. खूश?

गंधाली: खूश कशाला होऊ, पण हे कामाचं आहे. तुमचा ब्रँड अमेझॉनच्या ब्रँड रजिस्ट्रीत नोंदलेला असेल तर बॅचचा फोटो आणि ऑर्डर क्रमांक जोडून त्या विक्रेत्याची तक्रार तिथे करा. रजिस्ट्री नसेल तर ट्रेडमार्कचा अर्ज आजच टाका, त्याशिवाय ती मिळत नाही. आणि मैत्रिणींना थांबवा.

राहिला आकडा. साधी सरासरी धरली तर ४० रिव्ह्यूंवर ४.४ असताना पाच एक-तारे पडले की ४.०२ होतं. तेच २०० रिव्ह्यूंवर पडले असते तर ४.३ राहिलं असतं. म्हणजे तुमची खरी अडचण रिव्ह्यू कमी असण्याची आहे. माल पोचल्यावर पाच ते तीस दिवसांच्या आत प्रत्येक ऑर्डरवर Request a Review दाबता येतं. प्रत्येक ऑर्डरवर दाबा, फक्त खूश दिसणाऱ्यांच्या नव्हे. डब्यात 'पाच तारे द्या, कूपन मिळवा' असली चिठ्ठी टाकू नका.

तेजश्री: दाबेन. पण २०० व्हायला वर्ष जाईल, आणि समोरचा महिन्यात ५०० विकत घेऊन बसलाय. त्याचं काय करायचं, ते इथे कुणीच सांगितलं नाही.

सुहास: सरकारने रिव्ह्यूंसाठी मानक आणलंय ना? आयएस १९०००.

गंधाली: २०२२ मध्ये आलं, विकत घेतलेले रिव्ह्यू चालणार नाहीत असं त्यात आहेही. पण आणलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. समोरच्याच्या रिव्ह्यूंचीही तुम्ही Report वरून तक्रार करू शकता, मी करते. कधी जातात, बहुतेकदा नाही.

डोंबिवलीचा ग्राहक: तेजश्रीताई, त्या चहावाल्या दोघांचे पैसे परत केलेत का?

तेजश्री: माल दुसऱ्याने विकला असेल तर मी का देऊ?

डोंबिवलीचा ग्राहक: कारण बाटलीवर नाव तुमचं आहे.

वसईचे केमिस्ट काका: आधी त्या दोघांचा बॅच नंबर कळू दे. भिवंडीचा निघाला तर द्या, गेल्या वर्षीचा निघाला तर मग भांडा.