मदत हवी आहे: एपीटीने परतावा 4.4% येतोय, पुस्तकात 13.4% आहे

गंगापूररोड_सीए
सीए फायनलचा सराव करतेय. जोखीममुक्त दर 6%. औद्योगिक उत्पादनाचा बीटा 1.2, प्रीमियम 5%. महागाईचा बीटा −0.5, प्रीमियम 2%. व्याजदराचा बीटा 0.8, प्रीमियम 3%. सीएपीएमसारखे प्रत्येक प्रीमियममधून 6 वजा करून बीटाने गुणले: −1.2, +2, −2.4. म्हणजे 6 − 1.6 = 4.4%. नाशिकच्या आमच्या अभ्यासगटात आणखी दोघींचं हेच उत्तर आलंय. कुठे चुकतंय?

पंचवटीकर
प्रीमियम म्हणजे 6 च्या वरचाच भाग. तो पुन्हा वजा करायचा नाही. पण महागाईचं उणे चिन्ह सोडून द्या, जोखीम ती जोखीमच. मग 15.4% येतं.

रविवार_कारंजा
पहिलं बरोबर, दुसरं नाही. चिन्ह ठेवायचंच: 6 + 6 − 1 + 2.4 = 13.4.

ताई, पडताळा असा घ्या. ज्या पोर्टफोलिओचा एकाच घटकावर बीटा 1 आणि बाकीच्यांवर शून्य, त्यांचे परतावे 11, 8 आणि 9%. तुमच्या शेअरची नक्कल करायला 100 रुपयांमागे पहिल्यात 120 घाला, दुसरा 50 चा शॉर्ट करा, तिसऱ्यात 80 घाला. झाले 150, म्हणून 50 रुपये 6% ने उसने घ्या. 13.2 − 4 + 7.2 − 3 = 13.4 रुपये. शेअर खरंच 4.4% देणार असता, तर तो शॉर्ट करून ही नक्कल घेणाऱ्याला घटकांची जोखीम न घेता 100 मागे 9 रुपये सुटले असते. ती संधी टिकत नाही, सगळं सूत्र त्यावरच उभं आहे.

गणितात प्रीमियमऐवजी 11, 8, 9 हे परतावे दिले असतील, तेव्हा मात्र 6 वजा करायचाच. आधी कोष्टकाचं शीर्षक वाचा.

द्राक्षबाग
माझ्या शेअरचा ॲपवर बीटा 1.1 दिसतो. तोच तिन्ही घटकांना लावू का?

रविवार_कारंजा
नको दादा, तो एका निर्देशांकाशी काढलेला असतो. तिन्ही घटक एकत्र घेऊन रिग्रेशन करा. एक्सेलमध्ये `LINEST` वापरलंत तर गुणांक उलट्या क्रमाने येतात, शेवटच्या स्तंभाचा बीटा पहिला. तिथे अदलाबदल झाली तरी कुठलीही एरर दिसत नाही.

गंगापूररोड_सीए
13.4 आलं, धन्यवाद! पण महागाई वाढली की हा शेअर पडतो. मग त्यासाठी जास्त परतावा मिळायला हवा, इथे 1% कमी का होतोय?

रविवार_कारंजा
शंका रास्त आहे. महागाईत वर जाणारी गुंतवणूक लोक कमी परताव्यावरही धरतात, म्हणून तिचा प्रीमियम उणे असणं जास्त पटतं. चेन, रोल आणि रॉस यांच्या 1986 च्या अभ्यासातही तो उणेच आला होता. तुमच्या गणितात +2 का घेतलाय, ते मला उलगडत नाही. परीक्षेत दिलेलं चिन्ह घ्या.

पंचवटीकर
उणे 2 धरला तर +1 होऊन माझं 15.4 येतं की!

रविवार_कारंजा
येतं, पण प्रीमियमचं चिन्ह बदलल्यामुळे. बीटाचं उणे तिथेही तसंच आहे.