शब्दचर्चा : ‘फायरशिप’ला मराठीत काय म्हणावं?

पानवेल : १५८८च्या स्पॅनिश आरमाराच्या मोहिमेवरचा मजकूर मराठीत करतेय, ‘फायरशिप’पाशी अडले. पेटवून शत्रूवर सोडून दिलेलं जहाज. ‘आगबोट’ लिहिलं तर लोकांना कोकणची धुराची बोट आठवेल.

दत्तू_७० : अग्निशमन दलाची बोट ना? पाण्याचे फवारे मारते ती.

पानवेल : नाही हो काका, नेमकी उलटी. आग लावणारी.

इतिहासखोर : मग ‘अग्निनौका’ करा. इंग्रजांनी फ्रान्सच्या कॅले बंदरासमोर अशा आठ सोडल्या आणि स्पॅनिश आरमार जाळून टाकलं.

शीडवाला : आठ बरोबर, पण जळलं एकही नाही. ७ ऑगस्टच्या मध्यरात्री वारा आणि भरतीचा ओढ दोन्ही स्पॅनिशांच्या अंगावर होते. इंग्रजांनी आपलीच आठ जहाजं डांबर न्‌ जळाऊ सामान भरून पेटवली. तोफाही भरून ठेवल्या होत्या, तापल्या की आपोआप उडतील अशा. त्यांच्यावरचे खलाशी ऐन वेळी होडीत उतरून निसटले.

स्पॅनिश आरमाराचा सेनापती मेदिना सिदोनियाला हे येणार याची कल्पना होती. त्याने आकडे घेतलेल्या लहान होड्या पुढे ठेवल्या होत्या. जळतं जहाज आकड्याने धरायचं आणि वल्ही मारत बाजूला ओढून न्यायचं. दोन जहाजं अशी ओढलीही. पण तोफा धडधडू लागल्या आणि उरलेली सहा जहाजं थेट ताफ्यावर आली. तीन वर्षांपूर्वी अँटवर्पला बंदुकीच्या दारूने भरलेल्या जहाजांनी केलेला संहार स्पॅनिशांच्या डोळ्यांपुढे होता. ही तसलीच असतील, असं वाटून त्यांनी धडाधड नांगराचे दोर तोडले.

पानवेल : ‘दोर कापले’ लिहिलं की वाचक थेट सिंहगडावर पोचतो, ही आणखी एक अडचण!

हर्णैचा_पोर : तोडणं आणि सोडणं यात फरक असतो हां. आमच्या बाबांनी एकदा वादळात घाईने दोर तोडला, नांगर गेला तो गेलाच. तरंगता बोया बांधून सोडला असता तर दुसऱ्या दिवशी उचलता आला असता.

शीडवाला : हुकूम अगदी हाच होता! दोर बोयासह सोडा, जळती जहाजं पुढे गेली की परत या आणि नांगर धरा. बहुतेकांनी तोडले. अंधारात ‘सान लोरेंझो’चं सुकाणू दुसऱ्या जहाजाच्या दोरात अडकलं आणि ते सकाळी कॅलेच्या वाळूत रुतलं. बाकीचा ताफा ओढाबरोबर पांगला. पुढे आयर्लंडच्या किनाऱ्यावर वादळात सापडले तेव्हा धरून ठेवायला पुरेसे नांगर नव्हते.

इतिहासखोर : म्हणजे आगीपेक्षा भीतीनेच काम केलं. ‘भयनौका’ म्हणा मग.

पानवेल : संपादक मला फाडून खातील. ‘मेदिना सिदोनियाने दोर सोडायला सांगितले, खलाशांनी तोडले’ एवढं मात्र घेतेय. नावाला तूर्त ‘जळतं गलबत’.

हर्णैचा_पोर : गलबत लहान असतं ताई. त्यातली मोठी किती टनांची होती?

शीडवाला : इंग्रज कप्तान ड्रेकने दिलेलं ‘थॉमस’ दोनशे टनांचं होतं.

हर्णैचा_पोर : मग ते आमच्याकडे गलबतात बसणार नाही. जहाजच म्हणा.