मदत हवी आहे: कॅल्शियम-मॅग्नेशियम ६:१, मॅग्नेशियम सल्फेट टाकावे का?

द्राक्षबाग, भारी काळी जमीन. सामू ८.२, मुक्त चुनखडी १२ टक्के. अहवालात १०० ग्रॅम मातीमागे कॅल्शियम ३६, मॅग्नेशियम ६ आणि पोटॅशियम १.५ मिलिइक्विव्हॅलंट. शेरा असा: ‘गुणोत्तर बिघडलेले, मॅग्नेशियम सल्फेट एकरी ५० किलो.’

शंका इथेच आहे. अर्क अमोनियम ॲसिटेटचा आहे, आणि चुनखडीच्या मातीत तो थोडी चुनखडीही विरघळवतो. म्हणजे कॅल्शियमचा आकडा, पर्यायाने गुणोत्तरही, फुगलेलं असणार. उलट ६ मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे सुमारे ७३० पीपीएम. वरच्या १५ सेंमी थरात एकरी अंदाजे ६०० किलो मॅग्नेशियम. ५० किलो सल्फेटमधून त्यात जेमतेम ५ किलोची भर! त्याने गुणोत्तर काय हलणार?

जुन्या पानांवर शिरांमधला भाग मात्र थोडा पिवळा आहे. मला पोटॅशच्या जादा मात्रेचा संशय येतो, कारण पोटॅशियम मुळांपाशी मॅग्नेशियमचं शोषण अडवतं.

विचार असा: आधी देठ परीक्षण, मग दोनच ओळींवर १ टक्का मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी, शेजारच्या ओळी कोऱ्या. नव्या पानांत फरक दिसला नाही तर जमिनीतून काहीच द्यायचं नाही. देठाचा नमुना फुलोऱ्यातच घ्यावा का? आणि पोटॅश किती काळ थांबवावं?