मदत हवी आहे: 'साठाव्या वर्षी' म्हणजे ५९ की ६०?

वंशावळ लिहितोय. पणजोबा जून १९३१ मध्ये गेले. जुन्या निधनवार्तेत 'वयाच्या साठाव्या वर्षी' आहे, समाधीच्या दगडावर 'वय वर्षे ६०'. काटेकोर अर्थ घेतला तर साठावं वर्ष चालू, म्हणजे ५९ पूर्ण. जन्म जून १८७१ ते जून १८७२. साठ पूर्ण धरले तर जन्म एक वर्ष आधीचा. पत्रिकेत माघ, शके १७९३ आहे, म्हणजे १८७२ ची सुरुवात. त्यामुळे बातमी जुळते, दगड चुकतो. की दगडावरही चालू वर्षच कोरलंय? (आजीही 'सत्तरावं लागलं' की लगेच सत्तर सांगायची!) अशा नोंदी कुणी पत्रिकेशी ताडून पाहिल्यात का? समाध्यांवर काय आढळलं?