उत्तर: लॉकरमधल्या सोन्याची भरपाई

"लॉकरमधलं सोनं चोरीला गेलं तर बँक पूर्ण किंमत देईल ना?"

नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच असते. समजा भाडं २,००० रुपये आहे आणि आत १५ लाखांचे दागिने आहेत, तर हाती फार तर २ लाख येतील. भूकंप, पूर, वीज पडणे अशा नैसर्गिक आपत्तीत तर तेही नाही. मात्र अशा आपत्तीपासून लॉकर सुरक्षित राहावेत याची काळजी बँकेने घ्यायलाच हवी.

आत काय आहे याची नोंद बँकेकडे नसते आणि बँक त्याचा विमाही उतरवत नाही. म्हणून दागिन्यांचा वेगळा विमा घ्या आणि पावत्या, फोटो, मूल्यांकनाचा दाखला घरी ठेवा, लॉकरमध्ये नको! रोख रक्कमही आत ठेवू नका, करारात तिला मनाई असते. आणखी एक, लॉकर उघडला की त्याच दिवशी बँकेकडून एसएमएस आणि ईमेल यायला हवा. तुम्ही न जाता तो आला, तर लगेच शाखेला लेखी कळवा.